फोटोतल्या नकाशावरून घराचा कार्पेट एरिया कसा काढावा

घर पाहायला गेल्यावर हाती नकाशाची मूळ प्रत क्वचितच येते. मिळतो तो बहुधा भिंतीवर लावलेल्या किंवा टेबलावर पसरलेल्या नकाशाचा मोबाइलवर काढलेला फोटो, आणि त्यावरूनच घर किती मोठे आहे याचा अंदाज बांधावा लागतो. प्रत्येक खोलीच्या नावाखालची दोन मापे गुणून सगळ्यांची बेरीज करणे ही सर्वांना सुचणारी रीत आहे. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. फोटोत एखादा आकडा पुसट असतो, एखाद्या जागेवर माप लिहिलेलेच नसते, आणि भिंतींच्या जाडीचा हिशेब तर कुठेच दिसत नाही. सुदैवाने नकाशा स्वतःच स्वतःची तपासणी करू देतो, कारण समोरासमोरच्या खोल्या आणि त्यांच्यामधल्या भिंती यांची बेरीज दोन्ही बाजूंनी सारखीच यावी लागते. हा लेख मुख्यतः या जुळवणीविषयी आहे.

आधी काय मोजायचे ते ठरवावे

कार्पेट एरिया, म्हणजे कायद्याच्या भाषेत चटई क्षेत्र, याची व्याख्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ म्हणजेच रेरा कायद्याच्या कलम २ मध्ये दिलेली आहे. तिच्यानुसार सदनिकेच्या आतले निव्वळ वापरण्याजोगे क्षेत्र धरायचे असते. बाहेरच्या भिंतींखालची जागा, डक्टखालची जागा, त्या सदनिकेसाठीच असलेली बाल्कनी किंवा व्हरांडा आणि उघडी गच्ची हे सारे वगळायचे, मात्र घराच्या आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंतींखालची जागा धरायची. या शेवटच्या वाक्यामुळे नुसती खोल्यांची बेरीज आणि रेराचा कार्पेट एरिया यांत नेहमी थोडा फरक पडतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत सतरंजी अंथरता येईल तेवढी जागा म्हणजे कार्पेट, अशी पूर्वीची बोलीतली समजूत होती आणि आजही अनेक जण त्याच अर्थाने हा शब्द वापरतात. म्हणून दोन्ही आकडे काढावेत आणि कोणता कशाचा आहे ते शेजारी लिहून ठेवावे.

फोटो वाचनायोग्य आहे का

फोटो स्वतः काढणे शक्य असेल, तर कागद सपाट ठेवून मोबाइल त्याला समांतर धरावा आणि फार जवळून फोटो घेण्याऐवजी थोडे मागे सरकून झूम करावे. जवळून काढलेल्या फोटोत, विशेषतः वाइड लेन्सवर, कडेच्या रेषा किंचित वाकतात. संपूर्ण नकाशाचा एक फोटो आणि प्रत्येक भागाचे जवळचे, एकमेकांवर थोडे चढणारे फोटो असले की पुढचे काम निम्म्याने सोपे होते. संपूर्ण फोटोवरून खोल्यांची रचना कळते आणि जवळच्या फोटोंवरून आकडे वाचता येतात.

फोटो दुसऱ्या कोणी पाठवलेला असेल, तर तो तिरका आहे का हे आधी पाहावे. नकाशाची चौकट वर आणि खाली सारख्याच रुंदीची दिसते का, एवढे पाहणे पुरते. वरची कड खालच्यापेक्षा आखूड दिसत असेल, तर त्या फोटोवर पट्टी ठेवून काढलेले कोणतेही माप वरच्या भागात खरे उतरणार नाही. लिहिलेले आकडे मात्र तिरकेपणाने बदलत नाहीत, त्यामुळे असा फोटो टाकून देण्याचे कारण नाही.

कागद स्कॅन करणाऱ्या ॲपमधून आलेल्या प्रतीबाबत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. अशी ॲप तिरका कागद सरळ करून आयताकृती बनवतात, पण त्या आयताची उंची आणि रुंदी यांचे प्रमाण मूळ कागदाइतकेच राहील याची खात्री नसते. पूर्ण ए४ किंवा ए३ कागद दिसत असेल, तर लांब बाजूला आखूड बाजूने भागून उत्तर १.४१ च्या आसपास येते का ते पाहावे. येत नसेल, तर आडव्या मापांचे प्रमाण, म्हणजे एका फुटाला किती पिक्सेल, वेगळे आणि उभ्या मापांचे वेगळे धरावे.

नावे आणि मापे वाचताना

नकाशावरची नावे बहुधा इंग्रजी संक्षेपांत असतात. `M. BED` किंवा `BED-1` म्हणजे मुख्य शयनगृह, `TOI.` किंवा `C. TOI.` म्हणजे स्वच्छतागृह आणि सामायिक स्वच्छतागृह, `PASS.` म्हणजे बोळासारखा पॅसेज, `DRY BAL.` म्हणजे ड्राय बाल्कनी. भिंतींपाशी दिसणारे D, D1, W, V हे दरवाजे, खिडक्या आणि झरोके यांचे संकेत असतात, खोल्यांचे नव्हेत. चौकोनात फुली मारलेली असेल किंवा `DUCT` लिहिलेले असेल, तर ती जागा घराच्या आकृतीत दिसत असली तरी क्षेत्रफळात धरायची नाही.

मापे तीन तऱ्हांनी लिहिलेली आढळतात: फूट आणि इंच, मीटर, किंवा मिलिमीटर. `3050 x 3660` असे चार अंकी आकडे दिसले की ते मिलिमीटर समजावेत आणि `3.05 x 3.66` असे दिसले की मीटर. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, म्हणून ही दोन्ही मापे १० फूट × १२ फूट एवढ्या खोलीची आहेत.

सर्वाधिक घोटाळा फूट-इंचांच्या लिखाणात होतो. `10'-6"` म्हणजे दहा फूट सहा इंच, आणि एका फुटात बारा इंच असल्याने दशांशात ते १०.५ फूट होते, १०.६ नव्हे. सहा इंचांच्या बाबतीत ही चूक लहान दिसते, पण `10'-11"` हे १०.११ असे धरले तर खरे माप १०.९२ असल्यामुळे जवळजवळ दहा इंच गळतात. इंचांना १२ ने भागूनच दशांशात न्यावे. फोटो अंधुक असेल तर फुटाची एक रेघ आणि इंचाच्या दोन रेघा एकमेकींत मिसळतात, मधली आडवी रेघ पुसली जाते आणि `10'-0"` हे १०० सारखे दिसू लागते. आकड्यांमध्ये ६, ८ आणि ० यांची, तसेच १ आणि ७ यांची अदलाबदल वरचेवर होते. शंका आली की आकडा मनाने पुरा करू नये. दोन्ही शक्यता लिहून ठेवाव्यात, कारण पुढची जुळवणी त्यांतली एक बाद करते.

दोन मापांतले पहिले आडवे की उभे, याचा सर्वत्र पाळला जाणारा नियम नाही. लांबट खोलीत चित्र पाहूनच ते कळते. जवळजवळ चौरस खोलीत कळत नाही, आणि क्षेत्रफळासाठी ते कळण्याची गरजही नसते, पण ओळीने बेरीज करताना मात्र ते लागते.

खोली एल आकाराची असेल, तर लिहिलेली दोन मापे ही तिची सर्वांत मोठी लांबी आणि रुंदी असू शकतात, म्हणजे त्यांचा गुणाकार खोलीपेक्षा मोठा येतो. अशी खोली रेघ मारून दोन आयतांत तोडावी. तसेच बैठकीच्या खोलीच्या मापात बाल्कनी मिळवलेली नाही ना, हे सरकत्या दरवाजाच्या दुहेरी रेषेकडे पाहून ठरवावे. माप त्या रेषेच्या पलीकडे पोहोचत असेल, तर बाल्कनीचे तेवढे माप त्यातून वजा करावे लागते.

एक घर सविस्तर मोजून पाहू

समजा फोटोत दोन शयनगृहांचे घर आहे आणि ते दोन उभ्या पट्ट्यांत विभागलेले आहे. डाव्या पट्ट्यात खाली बैठकीची खोली आणि तिच्या वर स्वयंपाकघर आहे. उजव्या पट्ट्यात खाली दुसरे शयनगृह, वर मुख्य शयनगृह आणि दोहोंच्या मध्ये एकावर एक काढलेली दोन स्वच्छतागृहे आहेत. स्वच्छतागृहांच्या डावीकडे पॅसेज असून तो बैठकीत उघडतो. बैठकीपुढे १० फूट × ४ फूट बाल्कनी, स्वयंपाकघरामागे ६ फूट × ३ फूट ६ इंच ड्राय बाल्कनी, आणि स्वच्छतागृहांच्या बाहेरच्या भिंतीपलीकडे डक्ट आहे.

वाचता आलेली मापे अशी, प्रत्येक जोडीत पहिले माप आडवे आणि दुसरे उभे:

```
बैठक             १०'-०" × १?'-८" (१६'-८" किंवा १८'-८")
स्वयंपाकघर       १०'-०" × १०'-६"
मुख्य शयनगृह     ११'-०" × १०'-६"
दुसरे शयनगृह     ११'-०" × १०'-०"
स्वच्छतागृहे     प्रत्येकी ७'-०" × ४'-०"
पॅसेज            माप लिहिलेले नाही
```

दोन अडचणी आहेत: बैठकीच्या लांबीतला एक अंक वाचता येत नाही आणि पॅसेजचे माप दिलेले नाही. दोन्ही सोडवण्याआधी आतल्या भिंतींची जाडी हवी. नकाशावर ती लिहिलेली असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर फोटोवरून काढता येते. संगणकावर फोटो मोठा करून बैठकीची दहा फूट रुंदी ६०० पिक्सेल भरली, तर एका फुटाला ६० पिक्सेल झाले. शेजारची भिंत २० पिक्सेल दिसली, तर ती एक तृतीयांश फूट, म्हणजे ४ इंच. रेषांनाही स्वतःची जाडी असल्याने यात अर्ध्या इंचाचा फरक सहज पडतो, पण त्याने बिघडत नाही, कारण भिंतींच्या जाडीला मर्यादित पर्याय असतात. आतल्या भिंती साधारणपणे चार-साडेचार इंचांच्या आणि बाहेरच्या सहा किंवा नऊ इंचांच्या असतात. पिक्सेलचे हे प्रमाण मात्र मोजायच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीवरूनच घ्यावे, म्हणजे फोटोच्या तिरकेपणाचा परिणाम कमीत कमी राहतो. नकाशावर प्रमाणानुसार नसल्याची सूचना छापलेली असेल, तर हा मार्ग सोडून द्यावा.

आता बैठकीची लांबी पाहू. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत उजवीकडे सरळ पुढे जाऊन वरचे स्वच्छतागृह आणि मुख्य शयनगृह यांच्यामधली भिंत बनते, असे फोटोत स्पष्ट दिसते. म्हणजे त्या रेषेच्या खाली डावीकडे जेवढी लांबी आहे, तेवढीच उजवीकडेही असली पाहिजे. उजवीकडे खालून वर जाताना दुसरे शयनगृह १० फूट, भिंत ४ इंच, एक स्वच्छतागृह ४ फूट, भिंत ४ इंच आणि दुसरे स्वच्छतागृह ४ फूट, अशी बेरीज १८ फूट ८ इंच होते. बैठकीची लांबी १८ फूट ८ इंच ठरली आणि १६ ची शक्यता संपली. ही तपासणी केली नसती आणि १६ धरले असते, तर एका अंकापायी २० चौरस फूट कमी मोजले गेले असते.

पॅसेजही याच मार्गाने मिळतो. उजव्या पट्ट्याची रुंदी ११ फूट आहे. तीतून स्वच्छतागृहाचे ७ फूट आणि मधल्या भिंतीचे ४ इंच वजा केले की पॅसेजची रुंदी ३ फूट ८ इंच राहते. त्याची लांबी दोन स्वच्छतागृहे आणि त्यांच्यामधली भिंत मिळून होते तेवढी, म्हणजे ८ फूट ४ इंच. माप न लिहिलेले पॅसेज बेरजेतून हमखास सुटतात. या घरात ते सुटले असते तर तीस चौरस फुटांहून जास्त जागा हिशेबाबाहेर राहिली असती.

आता खोल्यांची बेरीज:

```
बैठक            १०.०० × १८.६७ = १८६.६७
स्वयंपाकघर      १०.०० × १०.५० = १०५.००
मुख्य शयनगृह    ११.०० × १०.५० = ११५.५०
दुसरे शयनगृह    ११.०० × १०.०० = ११०.००
स्वच्छतागृहे    २ × ७.०० × ४.०० =  ५६.००
पॅसेज            ३.६७ ×  ८.३३ =  ३०.५६
एकूण                          ६०३.७२ चौ. फूट
```

गुणाकार करताना १८ फूट ८ इंच हे १८.६६६… असेच ठेवावे आणि शेवटी उत्तर दोन दशांशांपर्यंत लिहावे. मधेच पूर्णांक करत गेल्यास दोनतीन चौरस फूट इकडेतिकडे होतात, आणि मग पुढची तपासणी जुळली नाही तर दोष वाचनाचा की गणिताचा हे कळत नाही.

या बेरजेत आतल्या भिंती मिळवल्या की रेराचा आकडा मिळतो. दोन पट्ट्यांमधली उभी भिंत साडे एकोणतीस फूट लांब आहे, तिचे ९.८३ चौरस फूट. बैठक आणि स्वयंपाकघरामधली ३.३३, उजव्या पट्ट्यातल्या दोन पूर्ण आडव्या भिंती प्रत्येकी ३.६७, पॅसेज आणि स्वच्छतागृहांमधली २.७८ आणि दोन स्वच्छतागृहांमधली २.३३. या सर्वांचे मिळून सुमारे २५.६ चौरस फूट होतात. भिंतीतला दरवाजा किंवा पॅसेजचे तोंड यांची जागा वेगळी काढण्याची गरज नाही, कारण भिंतच हिशेबात धरलेली असल्याने तिच्यातली मोकळी जागाही आलेलीच असते. एकूण ६२९.३ चौरस फूट.

हाच आकडा अगदी दुसऱ्या वाटेने काढून पाहावा. बाहेरच्या भिंतींच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत आडवे माप १० फूट, ४ इंच आणि ११ फूट मिळून २१ फूट ४ इंच होते. उभे माप डावीकडून १८ फूट ८ इंच, ४ इंच आणि १० फूट ६ इंच, म्हणजे २९ फूट ६ इंच. गुणाकार ६२९.३ चौरस फूट येतो. दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळली, म्हणजे कोणतीही खोली, पॅसेज किंवा भिंत सुटलेली नाही आणि दोनदा धरलेलीही नाही. आकृती पूर्ण आयत नसेल, तर बाहेरच्या मोठ्या आयतातून कोपऱ्यातले रिकामे तुकडे आणि आत घुसलेले डक्ट वजा करून हीच तपासणी करावी.

जुळले नाही, तर फरक किती आहे यावरून चूक कुठे आहे ते बरेचदा कळते. पाच-दहा चौरस फुटांचा फरक बहुधा भिंतीच्या जाडीचा किंवा एखाद्या इंचाच्या वाचनाचा असतो. फरक एखाद्या खोलीच्या रुंदीच्या पटीत असेल, म्हणजे १०, २० किंवा ११, २२ असा, तर त्या खोलीच्या दुसऱ्या मापातला फुटाचा अंक चुकलेला असतो. वीस ते चाळीस चौरस फुटांचा आणि कोणत्याच पटीत न बसणारा फरक आला, तर माप न लिहिलेली जागा शोधावी. प्रवेशद्वाराजवळची छोटी लॉबी, कपाटासाठी सोडलेला कोनाडा किंवा वॉश बेसिनची जागा यांतले काहीतरी सापडते.

दोन्ही बाल्कनी मिळून ६१ चौरस फूट होतात. त्यांचा आकडा वेगळा लिहावा, कार्पेटमध्ये मिळवू नये. विक्रीच्या बोलण्यात सांगितलेला आकडा तुमच्या आकड्यापेक्षा नेमका बाल्कनीएवढाच मोठा असेल, तर फरकाचे कारण तिथेच सापडले.

उत्तर कितपत धरून चालावे

नकाशातली मापे गिलाव्यापूर्वीची, म्हणजे वीट ते वीट असू शकतात. गिलावा प्रत्येक भिंतीवर साधारण अर्धा इंच धरला तर प्रत्येक खोलीचे प्रत्येक माप सुमारे एक इंचाने घटते, आणि ११ × १० फुटांच्या खोलीत पावणेदोन चौरस फूट कमी होतात. वरच्या घरात खोल्यांची निव्वळ बेरीज यामुळे दहा-साडेदहा चौरस फुटांनी उतरते. रेराच्या आकड्यावर मात्र परिणाम त्याच्या निम्म्याहून कमी होतो, कारण आतल्या भिंतींवरचा गिलावा भिंतीसकट हिशेबात राहतो आणि फक्त बाहेरच्या भिंतींच्या आतल्या बाजूचा गिलावा वजा होतो. तो येथे सव्वाचार चौरस फुटांच्या आसपास आहे. म्हणून या घराचा रेरानुसारचा कार्पेट एरिया सुमारे ६२५ ते ६३० चौरस फूट, असे लिहिणे योग्य ठरेल. फोटोवरून काढलेल्या आकड्याला दशांश चिन्हापुढचे अंक शोभत नाहीत.

करारात किंवा प्रकल्पाच्या नोंदणीत क्षेत्रफळ बहुधा चौरस मीटरमध्ये असते. चौरस फुटांना १०.७६४ ने भागले की चौरस मीटर मिळतात, म्हणजे ६२५ ते ६३० चौरस फूट हे ५८.१ ते ५८.५ चौरस मीटर होतात. नोंदणीतला आकडा या टप्प्याच्या आत किंवा अर्ध्या-पाऊण चौरस मीटरच्या अंतरावर असेल, तर वाचन आणि नोंद एकमेकांशी सुसंगत आहेत. नोंद ५६ चौरस मीटरच्या जवळ असेल, तर कोणीतरी आतल्या भिंती न धरता नुसती खोल्यांची बेरीज दिली आहे का ते पाहावे, कारण ६०३.७ चौरस फूट म्हणजे ५६.१ चौरस मीटर. आणि नोंद ६४ च्या वर असेल, तर बाल्कनी मिळवून आकडा तपासावा: ६२९ आणि ६१ मिळून ६९० चौरस फूट, म्हणजे ६४.१ चौरस मीटर होतात. यांपैकी कशातच आकडा बसत नसेल, तर फोटो त्याच सदनिकेचा आहे का, की त्याच मजल्यावरच्या आरशातल्यासारख्या उलट आखणीच्या शेजारच्या सदनिकेचा आहे, हे नकाशावरचा सदनिका क्रमांक आणि उत्तर दिशेचा बाण पाहून ठरवावे, आणि मंजूर नकाशाची प्रत मागून घ्यावी.